अपूर्णांकांचा पाठ आणि दहा तासिका

पाचवीच्या वर्गात फळ्यावर २/७ + ३/७ लिहिलं, की बरीच मुलं ५/७ हे उत्तर पटकन देतात. वह्या तपासल्या जातात, बरोबरच्या खुणा होतात आणि वर्ग पुढे सरकतो. दोन दिवसांनी १/२ + १/३ हे गणित येतं आणि त्याच वह्यांमधून २/५ हे उत्तर डोकावू लागतं. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. मग पहिलं गणित मुलांना आलं होतं, असं म्हणायचं का?

काहींना ते खरोखर आलं होतं. सप्तमांश हे सगळे सारख्याच आकाराचे तुकडे आहेत, दोन तुकड्यांत तीन मिळवले की पाच होतात, हे त्यांना दिसत होतं. इतर काहींनी मात्र फक्त एक रीत उचलली होती: वरचे मिळवायचे, खालचा तसाच लिहायचा. दोघांचंही उत्तर ५/७ आलं. वहीवरून कोण कुठे उभं आहे, हे शिक्षकाला कळायला मार्गच नव्हता, कारण विचारलेला प्रश्न समजलेल्याला आणि न समजलेल्याला एकाच उत्तरापर्यंत नेणारा होता.

पाठ्यपुस्तकातल्या पाठाचं घटक नियोजन करायचं ते याचसाठी. शाळेबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. शिक्षक वर्षाच्या सुरुवातीला वार्षिक नियोजन करतात. त्यात कोणत्या महिन्यात कोणते पाठ घ्यायचे एवढंच असतं. रोजच्या तासिकेसाठी टाचण असतं. या दोहोंच्या मधला दुवा म्हणजे घटक नियोजन: एक पाठ, म्हणजे एक घटक, संपल्यावर मुलाला नेमकं काय करता यायला हवं, ते आलं हे कशावरून ओळखायचं आणि तिथवर पोचायला वर्गात काय काय घडवायचं, याचा आराखडा. कागदावर त्याचे तक्ते असतात, रकाने असतात. रकाने भरणं कठीण नाही. कठीण आहे ते त्यातल्या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून ठेवणं. उद्दिष्ट एक, कृती दुसऱ्याच गोष्टीची आणि चाचणी तिसऱ्याच, असे आराखडे मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून इथे अपूर्णांकांचाच पाठ घेऊन हे काम सुरुवातीपासून करून पाहू.

पाठ हातात घेतला की आधी तो शिकवायचा म्हणून नाही, तर चिरफाड करायची म्हणून वाचायचा. पाचवीच्या या पाठात सममूल्य अपूर्णांक येतात, समच्छेद आणि भिन्नच्छेद येतात, तुलना येते, बेरीज-वजाबाकी येते आणि समूहाचा अपूर्णांकही येतो. पानावर हे सगळे मुद्दे एका रांगेत, सारख्याच वजनाने उभे दिसतात. पण त्यांचं वजन सारखं नाही. १/२ म्हणजेच ३/६, तुकडे लहान झाले तरी एकूण भाग तेवढाच राहिला, ही एक गोष्ट पक्की झाली की भिन्नच्छेदांची तुलना तिच्यातून निघते, समच्छेद करणं तिच्यातूनच निघतं आणि बेरीजही. ती कच्ची राहिली तर पुढची प्रत्येक पायरी ही पाठ करायची रीत बनते. म्हणजे या पाठाचा कणा सममूल्यता आहे. पुस्तकात तिला जेवढी पानं आहेत त्या प्रमाणात तासिका न देता, ती पुढे किती भार वाहणार आहे हे पाहून तासिका द्यायच्या. समूहाचा अपूर्णांक, म्हणजे बारा लाडूंचे दोन तृतीयांश किती, हा भाग मात्र या कण्यावर फारसा उभा नाही. तो भागाकार-गुणाकाराच्या जवळचा आहे. तो मी इथून काढून नंतरच्या दोन तासिकांचा वेगळा छोटा घटक करतो. पाठ एक असला म्हणजे घटकही एकच असला पाहिजे, असा काही नियम नाही.

आता उद्दिष्टं. ‘विद्यार्थ्यांना सममूल्य अपूर्णांकांची ओळख करून देणे’ हे वाक्य हजारो टाचणवह्यांत सापडेल. ते शिक्षकाच्या कामाचं वर्णन आहे. शिक्षकाने ओळख करून दिली की ते पूर्ण झालं, मग मुलाला ओळख पटो वा न पटो. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं: उद्दिष्ट लिहायचं ते शिकणाऱ्यात होणाऱ्या बदलाच्या भाषेत. आपल्याकडे ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द आता रूढ झाला आहे, त्याच्या मागेही हाच विचार आहे. तेव्हा आपल्या घटकासाठी तीनच उद्दिष्टं घेऊ. पहिलं: मूल दिलेल्या अपूर्णांकाशी सममूल्य असे दोन अपूर्णांक तयार करतं आणि ते सममूल्य का, हे आकृतीने किंवा पट्टीने दाखवतं. दुसरं: दोन अपूर्णांकांतला मोठा कोणता हे ठरवतं आणि कारण सांगतं. तिसरं: भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करतं आणि आलेलं उत्तर पटण्याजोगं आहे का, हे स्वतः तपासतं. तिन्ही वाक्यांचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. तो खोडला तर उरतं ते केवळ उत्तर, आणि उत्तर कसं फसवतं ते सुरुवातीलाच पाहिलं.

इथे बहुतेक जण कृतींकडे वळतात. कागद कापूया, गाणं घेऊया, खेळ घेऊया. मी आधी मूल्यमापनाचे प्रश्न तयार करायला सांगतो. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय यांनी १९९८मध्ये हा उलटा क्रम पुस्तकरूपाने मांडला आणि तो जगभर पोचला: आधी कुठे पोचायचं, मग पोचलो याचा पुरावा कोणता, आणि शेवटी वाट कोणती. यामागचं कारण व्यवहारातलं आहे. प्रश्न लिहायला बसलं की उद्दिष्ट किती धूसर आहे ते लगेच उघडं पडतं. कृती लिहिताना ते लपून राहतं.

तुलनेचंच उदाहरण घेऊ. ‘३/८ आणि ५/८ यांत मोठा कोणता?’ हा प्रश्न सरावाला ठीक आहे, पण पुरावा म्हणून निरुपयोगी आहे. अपूर्णांक म्हणजे काय हे माहीत नसलेलं मूलही पाच हा आकडा तीनपेक्षा मोठा म्हणून बरोबर उत्तर देईल. प्रश्न असा हवा की चुकीचा विचार करणाऱ्याचं उत्तर चुकावं. त्यासाठी मुलं कोणकोणत्या तऱ्हेने चुकीचा विचार करतात, हे आधी माहीत असावं लागतं. तुलनेत तीन तऱ्हा वारंवार दिसतात. एक, आकडा मोठा तर अपूर्णांक मोठा. दोन, पहिली चूक सुधारताना शिक्षकाने ‘छेद मोठा तर तुकडा लहान’ हे सांगितलेलं असतं. मूल तेवढंच धरून बसतं आणि अंशाकडे पाहतच नाही. तीन, अंश आणि छेद यांच्यातला फरक मोजायचा: जिथे कमी उरलं तो मोठा.

आता या तीन जोड्या पाहा: ३/८ आणि ३/५, ५/८ आणि १/३, ५/६ आणि ७/८. मोठा आकडा पाहणारं मूल पहिल्या जोडीत ३/८ म्हणतं आणि चुकतं, पण पुढच्या दोन्ही जोड्यांत त्याचं उत्तर बरोबर येतं. फक्त छेदाकडे पाहणारं मूल पहिल्या जोडीत बरोबर ठरतं, दुसरीत १/३ आणि तिसरीत ५/६ मोठा म्हणतं. फरक मोजणारं मूल पहिली जोडी बरोबर सोडवतं, दुसरीत १/३ म्हणतं, कारण तिथे फरक दोनाचा आणि इकडे तिनाचा. आणि तिसरीत ‘दोन्ही सारखेच’ असं सांगतं, कारण दोन्हीकडे पूर्ण व्हायला एकच तुकडा कमी आहे. तीन छोट्या प्रश्नांच्या उत्तरांचा आकृतिबंध पाहिला की मूल काय विचार करतंय याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. कारण विचारलं की तो पक्का होतो. असे तीन प्रश्न शोधायला शिक्षकाला एक संध्याकाळ लागेल, पण पाठामागच्या स्वाध्यायातली वीस गणितं तपासून जे कळणार नाही ते यातून कळतं.

प्रश्न हातात आले की कृती निवडणं सोपं होतं, कारण आता कृतीकडून काय हवं ते ठाऊक आहे: तुकडा लहान-मोठा होतो हे डोळ्यांना दिसलं पाहिजे आणि दोन भाग एकमेकांशेजारी ठेवून मोजता आले पाहिजेत. यासाठी कागदी पट्ट्यांसारखं साधन नाही. पट्टीची लांबी मात्र विचार करून ठरवावी. २४ सेंटीमीटर घेतली तर ती नेहमीच्या ए-फोर कागदावर मावते आणि तिचे दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा असे सगळे भाग पूर्ण सेंटीमीटरमध्ये पडतात: १२, ८, ६, ४, ३ आणि २. वीस किंवा पंचवीसची पट्टी घेतली तर तृतीयांशाशी गाडी अडते आणि मुलं अपूर्णांक सोडून दशांश चिन्हाशी झगडत बसतात. पट्ट्या वर्गात कापायला दिल्या तर पस्तीस मिनिटांची तासिका कात्री आणि गोंदातच संपते; त्या आदल्या दिवशी कापून, पाकिटात घालून प्रत्येक जोडीला एक संच द्यावा. आणि वर्तुळाची भाकरी किंवा केक फार वापरू नये, असं माझं मत आहे. वर्तुळाचे तीन समान भाग मुलांना काढता येत नाहीत, आणि अर्ध्या वर्तुळापुढे तृतीयांश ठेवला तर दोन्ही मिळून किती झाले हे मोजपट्टीने सांगता येत नाही.

पहिली तासिका शिकवायची नाही, तपासायची. एका चौरसाचे चार असमान भाग करून त्यातला एक रंगवायचा आणि विचारायचं, हा १/४ आहे का? जी मुलं ‘हो’ म्हणतात त्यांच्यासाठी छेद म्हणजे निव्वळ तुकड्यांची संख्या आहे. समान तुकडे ही अट त्यांच्या मनात बसलेलीच नाही. त्यांना सममूल्यतेकडे थेट नेण्यात अर्थ नाही. याच तासिकेत पाव, अर्धा, पाऊण हे मुलांच्या बोलण्यात आधीपासून असलेलं ज्ञानही चाचपून घ्यावं. पाऊण लिटर दूध म्हणजे किती हे ज्याला माहीत आहे, त्याला ३/४ हे नवं काही शिकवायचं नसतं, फक्त लिहायचं कसं ते दाखवायचं असतं.

दुसरी ते चौथी तासिका सममूल्यतेला. अर्ध्या पट्टीवर किती चतुर्थांश बसतात, किती षष्ठांश, किती अष्टमांश? मुलं पट्ट्या ठेवतात, आणि ठेवताक्षणी शेजारच्या वहीत लिहितात: १/२ = २/४ = ३/६ = ४/८. हे लिहिणं त्याच मिनिटाला झालं पाहिजे. कृती एका दिवशी आणि चिन्हं दुसऱ्या दिवशी असं केलं तर पट्ट्यांचा खेळ वेगळा आणि गणित वेगळं, अशी मुलांची पक्की समजूत होते. चौथ्या तासिकेत पट्ट्या पाकिटात ठेवून २/५ शी सममूल्य अपूर्णांक विचारायचे. पंचमांशाची पट्टी संचात नाहीच, तेव्हा मुलाला आकृती काढावी लागते किंवा अंश-छेदाला एकाच संख्येने गुणण्याची रीत स्वतःच्या समजेने लावावी लागते. ज्याला हे जमत नाही, त्याची समज अजून पट्टीलाच चिकटून आहे.

पाचवी-सहावी तुलनेची, सातवी-आठवी बेरीज-वजाबाकीची. बेरजेत १/२ + १/३ हेच गणित सुरुवातीला घ्यावं. १२ सेंटीमीटरच्या तुकड्याला लागून ८ सेंटीमीटरचा तुकडा ठेवला, झाले २० सेंटीमीटर. आता ही लांबी कोणत्या एकाच प्रकारच्या तुकड्यांनी पूर्ण भरते? अर्ध्यांनी नाही, तृतीयांशांनी नाही, चतुर्थांश ठेवले तर तीन बसून थोडी जागा उरते. षष्ठांश बरोबर पाच बसतात. समच्छेद का करायचा, याचं उत्तर मुलाच्या हातात आलेलं असतं. आणि ज्याने २/५ लिहिलंय त्याला ‘चूक’ म्हणायच्या आधी एवढंच विचारावं, की २/५ हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान? अर्ध्यात काहीतरी मिळवून अर्ध्याहून कमी कसं होईल? हा धक्का मुलाच्या लक्षात राहतो. तिसऱ्या उद्दिष्टातला ‘उत्तर तपासतं’ हा भाग इथे शिकवला जातो.

सहाव्या तासिकेच्या शेवटी पाच मिनिटं राखून ३/८ आणि ३/५ चा प्रश्न कारणासकट एका चिठ्ठीवर सोडवून घ्यावा. या चिठ्ठ्यांना गुण द्यायचे नाहीत. त्यांचे तीन गठ्ठे करायचे: उत्तर आणि कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण डळमळीत, दोन्ही चूक. मधला गठ्ठा सर्वांत काळजीने वाचावा, कारण नेहमीच्या तपासणीत तो पहिल्या गठ्ठ्यात मिसळून जातो. नववी तासिका मी आराखड्यात कोरी ठेवतो. या गठ्ठ्यांवरून आणि बेरजेच्या वहीकामावरून तिथे काय घ्यायचं ते ठरतं. सगळ्या तासिका आधीच भरून टाकलेला आराखडा मुलांकडून आलेली माहिती ऐकूच शकत नाही. बाजारात किंवा मोबाइलवर मिळणाऱ्या तयार नियोजनांची अडचणही हीच आहे. ती नीटनेटकी असतात, पण या वर्गातली किती मुलं छेदाकडेच पाहतात हे त्यांना माहीत नसतं.

महाराष्ट्रात २०१०पासून प्राथमिक शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक मूल्यमापनात निरीक्षण, तोंडी काम, कृती, वर्गकार्य अशी साधनं दिलेली आहेत. वर सांगितलेल्या गोष्टी त्यात सहज बसतात: पट्ट्या ही कृती झाली, कारण सांगणं हे तोंडी काम. ज्या नोंदी लिहायच्या त्या मात्र उद्दिष्टाला धरून लिहाव्यात. ‘गणितात रुची घेतो’ या नोंदीवरून पुढच्या शिक्षकाला काही करता येत नाही. ‘तुलना करताना अंशाकडे दुर्लक्ष करतो’ या नोंदीवरून येतं.

दहावी तासिका घटक चाचणीची. वीस गुण. चाचणीआधी संविधान तक्ता करतात, म्हणजे कोणत्या उद्दिष्टाला किती गुण आणि कोणत्या प्रकारचे प्रश्न, याचा हिशेब. आपल्या तक्त्यात सममूल्यतेला सहा, तुलनेला सहा आणि बेरीज-वजाबाकीला आठ गुण. तुलनेच्या सहा गुणांत त्या तीन जोड्या. प्रत्येकीला उत्तराचा एक आणि कारणाचा एक. बेरजेच्या आठांतले चार एका शाब्दिक उदाहरणाला: शेताच्या १/३ भागात कांदा आणि १/४ भागात लसूण लावला, लागवडीचा एकूण भाग अर्ध्यापेक्षा जास्त आहे का, आणि मोकळा भाग किती? (७/१२ लागवड, ती अर्ध्याहून अधिक, आणि ५/१२ मोकळा.) तक्ता न करता प्रश्नपत्रिका काढली, तर समच्छेद बेरजांची गर्दी होते, कारण तसे प्रश्न चटकन सुचतात आणि चटकन तपासून होतात. मग वर्गाचे गुण चांगले दिसतात आणि सहावीत गेल्यावर तीच मुलं अडतात.

पेपर तपासताना चुकीच्या उत्तरांना नुसती काट मारू नये, त्यांची जात ओळखावी. १/२ + १/३ चं उत्तर २/५ आलं, तर मूल अंश आणि छेद यांना दोन सुट्या संख्या समजतंय. त्याला पुन्हा पट्ट्यांकडे, सममूल्यतेकडे न्यावं लागेल. उत्तर २/६ आलं, तर गोष्ट वेगळी आहे. या मुलाने छेद समान करायला हवा हे ओळखलंय, सहा हा छेदही नेमका काढलाय. पण छेद बदलल्यावर अंशही बदलतो, ही एकच कडी सुटली आहे. त्याला सगळा पाठ परत शिकवणं म्हणजे त्याचा वेळ वाया घालवणं; १/२ = किती षष्ठांश, एवढं दोन-चार वेळा करून घेतलं की बहुधा पुरतं. दोघांनाही या गणितात शून्यच गुण मिळतात. गुणपत्रक त्यांच्यात फरक करत नाही, शिक्षकाने करायचा असतो.

या सगळ्याला मर्यादाही आहेत. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं कारण तोंडी ऐकता येत नाही. तिथे चिठ्ठ्या आणि जोड्यांमधलं काम यांवर भिस्त ठेवावी लागते. लिहिण्यात मागे असलेल्या मुलाला कारण ठाऊक असूनही लिहिता येत नाही, त्याचे दोन गुण भाषेपायी जाऊ नयेत म्हणून त्याला पट्टी किंवा आकृती दाखवायची मुभा द्यावी. आणि वर्षातल्या प्रत्येक पाठाला इतका वेळ देणं कुणालाच शक्य नाही. त्यासाठी विषयागणिक दोन किंवा तीनच पाठ निवडावेत, ज्यांच्यावर पुढच्या इयत्तांचं ओझं आहे. पाचवीच्या गणितात अपूर्णांक त्यात नक्की येतो: सहावीत त्यांचा गुणाकार-भागाकार आहे, पुढे गुणोत्तर, शेकडेवारी आणि बीजगणितातले अपूर्णांक.

चाचणीनंतर आराखड्याच्या शेवटच्या रकान्यात दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणती चूक किती मुलांची झाली, आणि कोणत्या तासिकेला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला. पुढच्या वर्षी आराखडा नव्याने उतरवून काढायचा नाही; या दोन ओळी वाचून तासिकांची वाटणी आणि दोन-तीन प्रश्न तेवढे बदलायचे.